बिडी सोडली की वजन का वाढतं? चहाचा कप, शेंगदाण्याची मूठ आणि जेवणानंतरची दहा मिनिटं

पिंगळी (ता. परभणी) : "बिडी सोडली तर पोट सुटतंय, त्यापेक्षा चालू हाय ते बरं हाय." पारावर, आडतीवर, स्टेशनवर गाडीची वाट बघताना हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बिडी-सिगारेट सोडून दोन-तीन महिन्यांत परत ओढायला लागलेल्या माणसाला कारण विचारा, पुष्कळदा हेच उत्तर मिळतं. शर्टाची बटणं लागंनात, पँट कमरेला बसंना, घरचेही हसायला लागले, म्हणून परत काडी ओढली.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. बिडी सोडल्यावर बहुतेकांचं वजन वाढतं, हा निव्वळ मनाचा खेळ नाही. पण किती वाढतं, कशानं वाढतं आणि कुठं थांबतं याबद्दल गावात ज्या गोष्टी चालतात, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. म्हणून आज हा विषय सविस्तर घेतला आहे.

आधी आकडा बघू

२०१२ साली एका प्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ६२ अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला होता. कुठलंही औषध न घेता धूम्रपान सोडलेल्या लोकांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी एक किलोच्या थोडं वर वाढलं. तीन महिन्यांनी ही वाढ पावणेतीन किलोच्या पुढं गेली आणि वर्ष भरलं तेव्हा साडेचार ते पावणेपाच किलो झाली.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, वर्षभराच्या वाढीतली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांत झाली. पुढं वेग कमी होत गेला. म्हणजे सांभाळायचे दिवस मोजकेच आहेत. दुसरी, ही सरासरी आहे. शंभरातल्या सुमारे १६ जणांचं वजन वर्षानंतर उलट कमी झालेलं होतं, आणि सुमारे १३ जणांचं दहा किलोपेक्षा जास्त वाढलेलं होतं. बाकीचे मधले. त्यामुळं "अमक्याचं वाढलं म्हणून माझंही तेवढंच वाढणार" असं धरून चालायचं कारण नाही.

निकोटिन अंगात काय करतं

तंबाखूतलं निकोटिन वजनाच्या बाबतीत दोन कामं करतं. एक म्हणजे ते शरीराचं इंजिन थोडं जास्त रेसवर ठेवतं. नाडी जलद चालते, शरीर बसल्या जागी थोडी जास्त ऊर्जा जाळतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी याची मोजणी केली, ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी आठ ओढणाऱ्या माणसांना एका बंद खोलीत चोवीस तास ठेवलं. श्वासावरून ऊर्जा मोजता यावी अशी ती खोली होती. एक दिवस २४ सिगारेटी ओढायला दिल्या, दुसऱ्या वेळी एकही नाही. ओढलेल्या दिवशी शरीरानं सरासरी २,४४५ कॅलरी जाळल्या, न ओढलेल्या दिवशी २,२३०. फरक साधारण दोनशे कॅलरीचा. कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजायचं माप. दोनशे कॅलरी म्हणजे ज्वारीच्या बेताच्या एका भाकरीपेक्षा कमीच.

ही मोजणी सिगारेटची होती. बिडीच्या पानात भरलेला तंबाखूही निकोटिनच देतो. शिवाय बिडी सारखी ओढली नाही तर विझते, म्हणून बिडी ओढणारा झुरकेही जास्त मारतो. रोजच्या बिड्या कमी असतील तर फरक कमी, जास्त असतील तर जास्त, एवढं धरून चालावं.

निकोटिनचं दुसरं काम मेंदूत चालतं. भूक लागली की नाही हे ठरवणारा मेंदूचा जो भाग आहे, तिथल्या "पोट भरलं" असं सांगणाऱ्या पेशींना निकोटिन डिवचतं. रानात गेलेला माणूस सकाळच्या चहा-बिडीवर दुपारी दोनपर्यंत काही न खाता काम करतो, ते याच्यामुळं. त्याला वाटतं आपल्या अंगात दम आहे. खरं तर भूक लागलेली असते, पण ती दाबलेली असते.

बिडी सुटली की ही दोन्ही कामं बंद पडतात. इंजिन आपल्या मूळ चालीवर येतं आणि दाबलेली भूक वर येते. त्यात जीभ आणि नाक सुधारतात. धुरानं मारलेली चव आणि वास परत यायला लागला की तेच पिठलं, तीच ज्वारीची भाकरी लई गोड लागते. घरातली माणसंही खूश, "आता कुठं नीट जेवायला लागले" म्हणून आणखी अर्धी भाकरी वाढतात.

बिडीची तलफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. वाढलेली भूक मात्र त्यापेक्षा जास्त दिवस टिकते, दोन-अडीच महिने तरी. हा फरक माहीत नसल्यामुळं गडबड होते. महिनाभरानं तलफ गेली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तेव्हाच त्याचा हात डब्याकडं जास्त जात असतो.

एका शेजाऱ्याचा हिशेब

आमच्या भागातलं एक उदाहरण घेऊ. नाव छापत नाही, मामा म्हणू. वय चोपन्न, उंची पाच फूट पाच इंच. कापूस-सोयाबीनची शेती, दोन म्हशी. दिवसाला वीस-बावीस बिड्या. मागच्या गुढीपाडव्याला मामांनी बिडी सोडली, एकदम बंद. तेव्हा त्यांचं वजन ५८ किलो होतं. आडतीवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते सहज उभे राहिले होते म्हणून आकडा माहीत. बारा आठवड्यांनी, पेरणीच्या तोंडावर, त्याच काट्यावर ६३ किलो भरलं. पाच किलो वाढलं. मामा म्हणाले, "बिडी होती तव्हा बरं होतं, आता वाकून पाभर धरता येईना."

आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. पाडव्यापासून मामांच्या दिवसात काय बदललं, एवढंच लिहिलं.

पहिलं, बिडी बंद झाल्यानं शरीराचं जाळणं कमी झालं. वर सांगितलेल्या मोजणीवरून अंदाजानं दीडशे कॅलरी धरल्या.

दुसरं, चहा. आधी दिवसाला चार चहा होते, आता सात. तलफ आली की मामा हॉटेलवर जाऊन बसायचे किंवा घरी चहा मांडायला सांगायचे. आपल्याकडचा चहा म्हणजे दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, त्याच्या चाळीस कॅलरी. त्यात म्हशीचं थोडं दूध, त्याच्या तीसेक. एक कप सत्तर कॅलरीचा झाला. तीन कप जास्तीचे म्हणजे दोनशे दहा.

तिसरं, खिशात बिडीच्या जागी आलेले शेंगदाणे आणि गूळ. मामांना वाटायचं, हे तर घरचं, ताकदीचं. पण शेंगदाण्यात निम्मं तेल असतं. वीस ग्रॅमच्या एका लहान मुठीतच शंभराच्या वर कॅलरी जातात. गूळ सोडून दिला तरी रोजच्या शंभर धरल्या.

बेरीज झाली ४६०. शरीरावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी शिल्लक राहाव्या लागतात. रोज ४६० प्रमाणे चौऱ्याऐंशी दिवसांचे ३८,६४० होतात. त्याला ७,७०० नं भागलं तर पाच किलो. काट्यानं जे दाखवलं तेच वहीत आलं. अंदाजाचा हिशेब इतका तंतोतंत नेहमी जुळत नाही, कारण वजन वाढलं की शरीराचं जाळणंही थोडं वाढतं. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

या हिशेबात बघण्यासारखी गोष्ट अशी की बिडी गेल्यामुळं आपोआप झालेली वाढ ४६० मधली फक्त १५० आहे, तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से बिडीच्या रिकाम्या जागेवर जे येऊन बसलं त्याचे आहेत. पहिल्या हिश्श्यावर आपलं फारसं चालत नाही. दुसऱ्यावर चालतं.

बिडीच्या जागा मोजा

वीस बिड्या म्हणजे दिवसातल्या वीस जागा. उठल्या उठल्या एक, परसाकडं जाताना एक, चहाबरोबर एक, रानात पोहोचल्यावर एक, बैल सोडल्यावर एक, जेवण झालं की एक. बिडी सोडायच्या आधी दोन दिवस या जागा कागदावर लिहून काढाव्यात. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावं. मग प्रत्येक जागेवर काय ठेवायचं ते आधीच ठरवावं. आधी ठरवलं नाही तर त्या जागेवर चहा, फरसाण नाहीतर बिस्किट येतं.

यातल्या तीन जागा सगळ्यात अवघड जातात.

सकाळची. बऱ्याच जणांना बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं, ते बंद झालं की पहिले दोन-तीन आठवडे मलावरोध होतो. पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि माणसाला वाटतं आठ दिवसांतच पोट सुटलं. ती चरबी नसते. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि वरण याच्यावर बहुतेकांचं जमतं. तरीही तीन आठवड्यांत सुधारलं नाही किंवा शौचातून रक्त आलं तर डॉक्टरला दाखवावं.

चहाची. चहा आणि बिडी आपल्याकडं जोडीनं चालतात, त्यामुळं एक सोडली की दुसऱ्याचा जोर वाढतो. चहा बंद करायची गरज नाही, पण कप मोजावेत. आधी चार घेत होता तर आताही चारच. पाचव्याची वेळ आली की ताक, पाणी किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी. साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली तर चार कपांत ऐंशी कॅलरी वाचतात. एकदम अर्धी केलेली साखर जिभेला खटकते, म्हणून आठवड्याला थोडी थोडी कमी करावी. गुळाचा चहा केला म्हणून सुटका होत नाही. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरीत फारसा फरक नाही. हॉटेलवरच्या चहात साखर आधीच घातलेली असते, तिथं आपलं काही चालत नाही. शिवाय तिथं चार ओढणारे बसलेले असतात आणि समोर भज्याची कढई. पहिला महिना हॉटेल टाळलेलं बरं, दोन्ही कारणांसाठी.

जेवणानंतरची. ही जागा सगळ्यात जास्त वजन वाढवते असं माझं मत आहे. ओढणाऱ्याचं जेवण बिडीनं संपतं. ताट सरकवलं, काडी ओढली, म्हणजे जेवण झालं. बिडी गेली की जेवणाला शेवटच राहत नाही. माणूस ताटावरच बसून राहतो, मग आणखी अर्धी भाकरी, थोडा भात, काहीतरी गोड. यावर उपाय साधा आहे. पोट भरलं की ताटावरून लगेच उठायचं, चूळ भरायची, दात घासायचे किंवा नुसती बडीशेप चघळायची, आणि दहा मिनिटं गावाबाहेरच्या रस्त्यानं चालून यायचं. बडीशेप साधी भाजलेली. दुकानातली रंगीत, साखर चढवलेली नको. तलफेची एक लाट तीन-चार, फार तर पाच मिनिटांत उतरते, त्यामुळं दहा मिनिटांचं चालणं तिला पुरून उरतं.

मधल्या वेळेला तोंड मागतंच. त्याला नकार देऊन भागत नाही, काहीतरी द्यावं लागतं. काकडी, मुळा, गाजर, रानातलं वाळूक हे पोटभर खाल्लं तरी हिशेबात फारसं येत नाही. फुटाणे चालतात. शेंगदाण्याच्या तेवढ्याच मुठीपेक्षा फुटाण्यांत कॅलरी कमी आहेत आणि चावायला वेळ लागतो. बिस्किटाचा पुडा मात्र फसवतो. पन्नास ग्रॅमचा लहान पुडा दोनशेच्या वर कॅलरीचा असतो आणि चहात बुडवून दोन मिनिटांत संपतो. हुरड्याच्या दिवसांत कोणी बिडी सोडली असेल तर हुरडा खावा, पण सोबतची शेव, गूळ आणि तिळाची चटणी हात राखून.

उपाशी राहून जमत नाही

काही जण बिडी सोडतानाच जेवण निम्म्यावर आणतात. दोन्ही एकदम. पोटातली भूक आणि बिडीची तलफ अंगाला सारखीच जाणवते: चिडचिड, हात कापल्यासारखं होणं, कामात लक्ष नसणं. उपाशी माणसाला यातलं कुठलं काय ते कळत नाही आणि तो बिडीकडं जातो. म्हणून पहिले काही आठवडे तिन्ही वेळचं जेवण वेळेवर घ्यावं. सकाळी बिडीवर काढलेला वेळ आता न्याहारीनं भरावा लागतो. भाकरी आणि डाळीची आमटी खाऊन रानात गेलेला माणूस अकरा वाजता शेव-चिवड्याकडं बघत नाही.

आषाढी एकादशीला माळ घालून किंवा शपथ घेऊन बिडी सोडणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. चांगलंच आहे. पण उपवासाचं म्हणून जे खाल्लं जातं ती साबुदाण्याची खिचडी, भगर-शेंगदाण्याची आमटी, तळलेले वेफर हे रोजच्या जेवणापेक्षा जड असतं. आठवड्याला दोन उपवास धरले आणि दोन्ही दिवशी खिचडी खाल्ली तर वजन उतरत नाही, चढतं.

अंगमेहनतीबद्दल शेतकऱ्याला सांगायला नको असं वाटतं, पण आपलं काम हंगामी आहे. पेरणी, खुरपणी, वेचणी या काळात माणूस दिवसभर पायावर असतो. मार्च ते मे रान मोकळं, ऊन कडक, आणि माणूस झाडाखाली बसून. मामांनी नेमक्या याच काळात बिडी सोडली होती. या दिवसांत सोडली तर सकाळी उन्हाच्या आधी किंवा संध्याकाळी अर्धा तास झपाझप चालावं. झपाझप म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. याचा परिणाम पहिल्या महिन्यात काट्यावर दिसत नाही. व्यायामाचा फरक वर्षाच्या शेवटाला दिसतो, तो सरासरी दोन किलोच्या आसपास, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात आलं आहे. म्हणून पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नये.

सगळ्यांनीच वजनाची काळजी करायची का?

नाही. आणि आपल्या भागात हे नीट सांगायला पाहिजे. बिडी ओढणारे कित्येक मजूर, ऊसतोडीला जाणारे, मुळात कमी वजनाचे आहेत. वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ४८ किलो असेल तर उत्तर १७.६ येतं. साडेअठराच्या खाली म्हणजे वजन कमी. अशा माणसाचं बिडी सोडल्यावर तीन-चार किलो वाढलं तर ते अंगात भरणं आहे, त्यानं भाकरी मोजू नये. मात्र बिडी सोडूनही ज्याचं वजन उतरतच चाललंय आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, त्यानं थुंकी तपासून घ्यावी. ओढणाऱ्यांना क्षयाचा धोका जास्त असतो.

भारतीय माणसासाठी तेवीसच्या वर गेलं की वजन जास्त, पंचवीसच्या वर लठ्ठपणा असं डॉक्टर धरतात. मामांचं ५८ किलोला २१.३ येत होतं, ६३ किलोला २३.१ झालं. म्हणजे ते रेषेच्या जरासं पलीकडं गेले होते. घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष द्यायची वेळ होती.

वजनापेक्षा कंबर जास्त खरं सांगते. बिडी ओढणारा दिसायला बारीक असला तरी त्याची चरबी पोटाभोवती जमलेली असते, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं. टेलरचा टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, न आवळता धरावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईची ८० सेंटिमीटर याच्या आत असावी. तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात, त्यात तंबाखू आणि कंबर हे दोन्ही प्रश्न आहेत. त्या टेप घेऊन आल्या की लाजून घरात जाऊ नये.

वजन आठवड्यातून एकदाच करावं. तोच काटा, तीच वेळ, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. रोज काट्यावर चढलं तर पाण्यामुळं अर्धा-एक किलो वरखाली दिसतं आणि उगाच धास्ती बसते. एखाद्या आठवड्यात किलो वाढला तर थांबून बघावं. सलग तीन आठवडे काटा वरच चालला असेल तर चहाचे कप आणि खिसा तपासावा.

वजन राखायला तंबाखू? नकोच

हा धोका आपल्या राज्यात सगळ्यात मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले शंभरात चारच्या आसपास मोठे लोक ओढणारे निघाले, पण धूर न काढता तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे जवळपास चोवीस. म्हणजे बिडी सोडणाऱ्याच्या अवतीभवती चुना-तंबाखूची डबी कायम फिरत असते. डबीतून निकोटिन मिळत राहतं, त्यामुळं भूक दबलेली राहते आणि वजन वाढत नाही, हे खरं. पण मग निकोटिन सुटलंच नाही, फक्त वाट बदलली, आणि ती वाट तोंडाच्या कॅन्सरकडं जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठं मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे.

निकोटिन हळूहळू कमी करायचं असेल तर त्यासाठी औषध म्हणून मिळणारा निकोटिनचा गम किंवा पट्टी आहे. त्यात धूर आणि तंबाखूतली बाकीची घाण नसते. गम चालू असेपर्यंत वजन कमी वाढतं, हेही दिसलेलं आहे. मात्र गम बंद केल्यावर राहिलेली वाढ थोडी होतेच. गमचा फायदा असा की पहिले अवघड आठवडे निघून जातात आणि जेवणाची नवी घडी बसायला वेळ मिळतो. हा गम साध्या च्युइंगगमसारखा सारखा चावायचा नसतो. दोन-चारदा चावून तोंडात चरचरलं की गालात धरून ठेवायचा, चरचर गेली की परत चावायचा. सारखा चावला तर मळमळ आणि उचक्या लागतात आणि लोक म्हणतात गम सोसला नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

शुगरवाल्यांसाठी वेगळी गोष्ट

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की धूम्रपान सोडून ज्यांचं वजन बरंच वाढलं, त्यांच्यात पुढची काही वर्षं मधुमेह होण्याचं प्रमाण वाढलं. पाच ते सात वर्षांनी ते सगळ्यात वर गेलं आणि नंतर उतरत गेलं. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हे वाचून कोणी म्हणेल, मग बिडीच बरी. पण त्याच अभ्यासात दुसरीही मोजणी होती. वजन कितीही वाढलेलं असो, सोडणाऱ्यांमध्ये मरणाचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहिलं. दहा किलो वाढलेल्यांमध्येसुद्धा.

म्हणून ज्यांच्या घरात शुगर आहे किंवा ज्यांची कंबर आधीच नव्वदच्या पुढं आहे, त्यांनी बिडी सोडताना एकदा आणि नंतर वर्षातून एकदा उपाशीपोटी शुगर तपासावी. उपकेंद्रावर ही तपासणी फुकट होते. जे आधीच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी "मी बिडी सोडली" हे डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. धूर बंद झाल्यावर शुगर वरखाली होऊ शकते आणि डोस बदलावा लागू शकतो. चक्कर, घाम, थरथर झाली तर ती प्रत्येक वेळी तलफच असेल असं नाही, शुगर उतरलेली असू शकते.

मामांनी जूनपासून चहा चारवर आणला, साखर एक चमचा केली, शेंगदाण्याच्या जागी फुटाणे घेतले आणि रात्री जेवल्यावर स्टेशनपर्यंत चालायला सुरुवात केली. पुढं खुरपणी आणि वेचणीही आली. दिवाळीत त्याच काट्यावर ६० किलो भरलं. पाडव्यापेक्षा दोन किलो जास्त, आणि ते तिथंच आहे. कंबर साडेछत्तीस इंचांवरून पस्तीसवर आली.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची क्विटलाइन १८००-११-२३५६ या नंबरवर आहे. फोन फुकट आहे, नंबर बिडी-सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, आणि मराठीतून बोलता येतं. फोनवरचा समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतो आणि नंतर स्वतः परत फोन करून विचारपूस करतो. वजनाची धास्ती असेल तर ती पहिल्याच फोनमध्ये सांगावी. परभणीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाणं होत असेल तर तिथंही तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करता येईल. जाताना आपलं आताचं वजन, कंबर आणि रोजच्या बिड्यांचा आकडा कागदावर लिहून न्यावा.